शेवटच्या दोन पाळ्या: उत्तर ठोकावं की अक्षरं चाचपावीत?

प्रश्न: आम्ही अंबाजोगाईला सुट्टीत लेकरांसोबत पाटीवर शब्द ओळखायचा खेळ खेळतो. तीन अक्षरी शब्द, काना-मात्रा नाही, जोडाक्षर नाही, सहा पाळ्या. अक्षर बरोबर जागी असेल तर गोल, शब्दात आहे पण जागा चुकली तर खाली रेघ, नसेलच तर फुली. काल माझे सरळ, परत, करण, भरण असे चार शब्द गेले आणि शेवटचं ‘रण’ पक्कं झालं. उरले चरण, धरण, मरण, वरण, शरण, हरण. मी धरण म्हटलं, मग वरण म्हटलं आणि हरलो. शब्द निघाला हरण. भाऊ म्हणतो, पाचव्या पाळीला ‘शहर’ टाकायचं होतं. पण जे उत्तर नाहीच हे माहीत आहे ते टाकून पाळी फुकट का घालवायची?

उत्तर:

भावाचं म्हणणं बरोबर आहे. फक्त शब्द ‘हरण’ निघाला म्हणून ते बरोबर ठरत नाही. ‘धरण’ निघाला असता तर तुम्ही पाचव्याच पाळीला जिंकला असता आणि भाऊ गप्प बसला असता. एका डावाच्या निकालावरून चाल चांगली की वाईट ते कळत नाही. सहाच्या सहा शब्द डोळ्यांसमोर ठेवायचे, त्यातल्या प्रत्येकाला ‘हा निघाला तर मी जिंकतो का?’ असं विचारायचं आणि किती ठिकाणी ‘हो’ येतं ते मोजायचं. तसं मोजलं तर तुमच्या धरण-वरण या चालीला सहापैकी दोन मिळतात आणि भावाच्या ‘शहर’ला तीन. याहून चांगला, चार मिळवून देणारा शब्दही आहे. त्याच्याकडे येतोच, आधी मोजायचं कसं ते पाहू.

सहाव्या पाळीनंतर काही नाही, म्हणून त्या पाळीत मिळालेली माहिती वाया जाते. तिथे फक्त एक शब्द म्हणायचा आणि तो लागला तर लागला. त्यामुळे सगळा विचार पाचव्या पाळीचा आहे. पाचवा शब्द टाकलात की समोरचा गोल, रेघा, फुल्या मारतो. उरलेल्या सहा शब्दांपैकी ज्यांच्यासाठी हुबेहूब सारख्याच खुणा आल्या असत्या, ते सगळे एका ढिगात टाका. खुणा पाहून तुम्हाला एवढंच कळतं की शब्द कोणत्या ढिगात आहे. त्या ढिगात एकच शब्द असेल तर सहाव्या पाळीला तो म्हणून मोकळे. तीन असतील तर त्यातला एक म्हणता येईल, बाकी दोन हुकले. म्हणजे ढीग एकाचा असो की पाचाचा, प्रत्येक ढिगातून तुमच्या हाती एकच शब्द लागतो. म्हणून दोन पाळ्या उरलेल्या असताना जितके ढीग, तितके जिंकायचे शब्द. पाचवा शब्द स्वतः उत्तर होऊ शकत असेल तर ‘तिन्ही गोल’ हाही एक ढीग धरायचा. कारण तो निघाला तर तुम्ही पाचव्यालाच जिंकता, म्हणजे तोही एक शब्द तुमचाच.

आता तुमचा डाव. ‘धरण’ म्हटलं. शब्द धरण असेल तर तीन गोल. चरण असेल तर ध ला फुली, र आणि ण ला गोल. मरण असेल तरी तेच, वरण, शरण, हरण असेल तरी तेच. ढीग दोनच: एकट्या धरणचा आणि बाकी पाचांचा. सहापैकी दोन. धरणच्या जागी यातला दुसरा कोणताही शब्द घेतला तरी दोनच, कारण सहाही शब्द एका अक्षराने वेगळे आहेत आणि ते अक्षर एकाच जागी आहे. एक शब्द म्हणून तुम्ही एकच अक्षर तपासता. ‘रण’ची दोन घरं भरलेली आहेत, त्यांच्याकडून नवीन काही कळणार नाही. उत्तराचा शब्द टाकला म्हणून पाळी वाचली असं वाटतं, पण खरं तर तीनपैकी दोन घरं वाया जातात.

‘शहर’ टाकलं तर श पहिल्या घरात, ह दुसऱ्या घरात. शब्द शरण असेल तर श ला गोल. हरण असेल तर ह खाली रेघ. बाकी चौघांसाठी श ला आणि ह ला फुली. र खाली प्रत्येक वेळी रेघच येणार, त्याचा उपयोग शून्य. ढीग तीन. शब्द शरण किंवा हरण असेल तर सहाव्याला नक्की जिंकलात, आणि बाकी चौघांतला एक तुम्हाला निवडता येतो. सहापैकी तीन.

तिन्ही घरांत तीन वेगवेगळी शंकेची अक्षरं बसतील असा शब्द मिळाला तर आणखी बरं. च, ध, म, व, श, ह यांतली तीन अक्षरं असलेला, बिनकान्याचा, खरा मराठी शब्द हवा. ‘हशम’ चालतो. हशम म्हणजे पायदळातले शिपाई, शिवकाळातल्या कागदांत येणारा शब्द. तो टाकला तर हरणसाठी ह ला गोल, शरणसाठी श खाली रेघ, मरणसाठी म खाली रेघ, आणि चरण, धरण, वरणसाठी तिन्ही फुल्या. ढीग चार, सहापैकी चार. तुमच्या चालीच्या बरोबर दुप्पट. पाळी फुकट गेली का, या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पाचव्याला जिंकायची सहात एक ही आशा सोडली आणि तिच्या बदल्यात सहाव्याला जिंकायचे तीन शब्द जास्त मिळाले.

इथे पुष्कळ जण एक चूक करतात, आणि ती हुशार माणसांकडून जास्त होते. त्यांना सवय असते निम्मे-निम्मे करायची. सहा शब्दांचे तीन-तीन असे दोन भाग पाडणारा शब्द त्यांना छान वाटतो आणि ‘तीन शब्द एकाच ढिगात राहिले’ म्हणून हशम नकोसा वाटतो. पाळ्या भरपूर असताना निम्मे करणं ठीक आहे, कारण मोठा ढीग पुढे आणखी फोडता येतो. शेवटच्या दोन पाळ्यांत पुढे फोडायला वेळच नाही. तीन-तीनच्या दोन ढिगांतून दोनच शब्द हाती येतात. एक, एक, एक आणि तीन अशा चार ढिगांतून चार येतात. मोठा ढीग दिसायला ओबडधोबड असला तरी तो इथे एकच ढीग म्हणून मोजायचा. ढीग किती मोठे हे विसरा, किती आहेत ते पाहा.

याचा अर्थ दर वेळी चाचपणीचाच शब्द टाकायचा असा नाही. दोनच शब्द उरले असतील तर डोकं चालवायची गरज नाही, त्यातला एक म्हणा. लागला तर पाचव्याला, नाही तर दुसरा सहाव्याला. दोन्ही हाती आहेतच. तीन उरले असतील तर मात्र थांबून पाहावं लागतं. समजा पहिलं अक्षर क पक्कं आहे आणि यादीत कमळ, कळस, कळप एवढेच राहिले. ‘कमळ’ म्हटलंत तर कळस आणि कळप या दोघांसाठी सारख्याच खुणा येतात: क ला गोल, म ला फुली, ळ खाली रेघ. ढीग दोन. पण ‘कळस’ म्हटलंत तर कळपसाठी ळ ला गोल येतो आणि कमळसाठी ळ खाली रेघ. कळस स्वतः तिसरा ढीग. तीन शब्द, तीन ढीग, म्हणजे हार नाहीच, आणि वर पाचव्यालाच संपायची तिनात एक आशा. इथे बाहेरचा चाचपणीचा शब्द शोधत बसणं म्हणजे हातचं सोडून देणं. तिन्ही शब्द उत्तराचेच आहेत, पण कोणता आधी म्हणायचा यावर दोन आणि तीनचा फरक पडतो. म्हणून बाहेरचा शब्द शोधण्याआधी यादीतल्याच प्रत्येक शब्दाचे ढीग मोजायचे. यादीतल्या शब्दाचे ढीग बाहेरच्या शब्दाइतके भरले तर यादीतलाच टाकायचा, कारण तो पाचव्यालाच लागूही शकतो. बाहेरच्या शब्दाला ती सोय नाही. त्याचे ढीग निदान एकाने तरी जास्त हवेत.

तुमच्या ‘रण’सारख्या शब्दांत, म्हणजे सगळे शब्द एकाच घरातल्या एका अक्षराने वेगळे असतात तेव्हा, यादीतला शब्द कधीच दोनच्या वर जात नाही. तीन शब्द उरलेत, समजा धरण, मरण, वरण, तरीही ‘धरण’ म्हटल्यावर दोनच ढीग. ‘धमक’ टाकलं तर ध ला गोल, म खाली रेघ किंवा दोघांनाही फुली, असे तीन ढीग आणि जिंकणं पक्कं. अशा जागी तीनपासून पुढे बाहेरचा शब्द, दोनवर थेट उत्तर. कमळ-कळससारख्या यादीत, जिथे अक्षरं जागा बदलतात, तिथे थेट उत्तर बऱ्याचदा पुरतं.

आता काही गोष्टी तुमच्या घरच्या नियमांवर अवलंबून आहेत. तुम्ही खुणा अक्षराखाली मारता, म्हणजे कोणत्या अक्षराला रेघ आली ते दिसतं. काही घरांत फक्त आकडा सांगतात: ‘एक बरोबर जागी, एक चुकीच्या जागी’. मग हशमचा एक ढीग कमी होतो. शरण असो की मरण, समोरचा म्हणणार ‘एक चुकीच्या जागी’, आणि ते अक्षर श की म हे कळणार नाही. दोघे एका ढिगात गेले, ढीग तीनच. ‘शहर’ला या नियमात काही तोटा नाही. शरणला ‘एक जागी, एक चुकीच्या जागी’, हरणला ‘दोन चुकीच्या जागी’, बाकीच्यांना ‘एक चुकीच्या जागी’. म्हणजे आकडा सांगायच्या खेळात शहर आणि हशम सारखेच. नियम बदलला की ढीग पुन्हा मोजायचे, दुसऱ्याच्या घरचा तयार शब्द आपल्याकडे चालेलच असं नाही.

दुसरी गोष्ट गुणांची. जिंकलो की हरलो एवढंच मोजत असाल तर वरचा हिशोब पुरे. पण लेकरांच्या खेळात लवकर ओळखलं तर जास्त गुण असं बरेचदा असतं. समजा पाचव्या पाळीला 2 गुण, सहाव्याला 1, हुकलं तर 0. सहाही शब्द एकेकदा निघाले असं धरून बेरीज करा. थेट ‘धरण’ला एकदा 2 आणि एकदा 1, एकूण 3. ‘शहर’ला तीनदा 1, म्हणजे तेही 3. ‘हशम’ला चारदा 1, म्हणजे 4. या गुणपद्धतीत तुमची आणि भावाची चाल सारखीच ठरते, तेव्हा भांडण मिटवायचं असेल तर ही पद्धत घ्या. पाचव्या पाळीला 3 गुण असतील तर धरण 4 वर जाऊन हशमच्या बरोबरीला येतं. 4 गुण असतील तर थेट ठोकणंच फायद्याचं. म्हणजे धोका पत्करावा की नाही हे स्वभावावर नाही, पाचव्या आणि सहाव्या पाळीच्या गुणांत किती फरक आहे त्यावर ठरतं. खेळाच्या आधी ते पाटीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं तर बरं.

आणि तिसरी, सगळ्यात रंगतदार गोष्ट: शब्द कुणी ठेवलाय? आतापर्यंत आपण सहाही शब्द सारखेच शक्य धरले. चिठ्ठ्या टाकून शब्द काढत असाल तर ते बरोबर आहे. पण समोर माणूस बसून मनात शब्द धरत असेल तर तसं नसतं. संध्याकाळी दिवेलागणीला घरातलं मोठं माणूस सहसा ‘मरण’ ठेवणार नाही. दुसरी-तिसरीतलं लेकरू ‘वरण’ किंवा ‘हरण’ ठेवेल, ‘शरण’ त्याच्या तोंडी नसतो. पैठणचा पाहुणा असेल तर जायकवाडीमुळे ‘धरण’ त्याच्या डोक्यात आधी येईल. अशा वेळी ढीग नुसते मोजून भागत नाही, प्रत्येक शब्दाला वजन द्यावं लागतं.

अंदाजे वजनं घेऊन बघा, एकूण 10 पैकी. लेकरू शब्द ठेवतंय असं धरा: वरण 3, हरण 3, धरण 2, चरण 1, शरण 1, मरण 0. आता प्रत्येक ढिगातून सहाव्या पाळीला तुम्ही सगळ्यात जड शब्द म्हणणार, म्हणून प्रत्येक ढिगातलं सगळ्यात मोठं वजन घ्यायचं आणि त्यांची बेरीज करायची. थेट ‘वरण’ म्हटलंत तर वरणचे 3 आणि उरलेल्या ढिगातल्या हरणचे 3, एकूण 6. हशम टाकलंत तर हरण 3, शरण 1, मरण 0 आणि चौथ्या ढिगातून वरण 3, एकूण 7. आणि ‘हवन’ टाकलंत तर? हरणसाठी ह ला गोल, वरणसाठी व खाली रेघ, बाकीचे चौघे एका ढिगात. ढीग तीनच, हशमपेक्षा एक कमी. पण बेरीज करा: हरण 3, वरण 3, तिसऱ्या ढिगातून धरण 2, एकूण 8. हशमने ज्यांना वेगळं काढलं त्यातले दोघे हलके होते, त्यांना वेगळं काढून फारसं काही मिळालं नाही. हवनने दोन्ही जड शब्द सुटे केले. वजनाचा अंदाज खरोखर असेल तर जड शब्द एकमेकांपासून तोडणारा शब्द निवडायचा. अंदाज नसेल तर मनाने वजनं लावू नका, सरळ ढीग मोजा. काल हरण आला म्हणून आज येणार नाही, असलं वजन तर मुळीच नको.

चाचपणीचा शब्द शोधताना एक पद्धत धरली तर वेळ लागत नाही. आधी पाटीच्या कडेला शंकेची अक्षरं ओळीत लिहा: च ध म व श ह. मग यांतली तीन नाही तर निदान दोन अक्षरं असलेला शब्द शोधा. कोणतं अक्षर कुठल्या घरात आलं याने इथे फरक पडत नाही. पहिल्या घरात असेल तर गोल येईल, दुसऱ्या-तिसऱ्यात असेल तर रेघ, दोन्ही खुणा सारखंच सांगतात. तीनचा शब्द सापडला नाही तर दोनचे पुष्कळ आहेत: वचन, चमक, धमक, शमन, हवन, महल. त्यात आधीच फुली मिळालेलं अक्षर आलं तर चालतं, ते घर रिकामं गेलं एवढंच. मात्र खेळ ‘खरे शब्दच चालतील’ असा असेल तर हशमसारख्या शब्दावर वाद होणार हे नक्की. कोणता शब्दकोश मानायचा हे आधी ठरवा, ऐन पाचव्या पाळीला आजोबांना विचारायला गेलात की सगळ्यांना कळतं तुम्ही काय चाचपताय.

आणि यादी पूर्ण असली पाहिजे. ढिगांचा सगळा हिशोब यादीवर उभा आहे, यादीत नसलेला शब्द निघाला तर हिशोब कोसळतो. ‘रण’च्या आधी क, ख, ग, घ असं सगळं एकदा मोठ्याने म्हणत जा. करण, चरण, तरण, धरण, भरण, मरण, वरण, शरण, सरण, हरण असे दहा मला सापडतात. तुमच्या चार शब्दांनी क, त, भ, स बाद केले, म्हणून उरलेले सहा बरोबर आहेत. स्मरण आणि क्षरण तुमच्या जोडाक्षराच्या नियमाने गेले, आणि कारण, तोरण, धोरण, पुरण काना-मात्रेच्या नियमाने. हे नियम काढून टाकले तर यादी एकदम फुगते आणि दोन पाळ्यांत काहीच हाती लागत नाही. पहिलीच्या लेकरांसाठी केलेला नियम मोठ्यांनाही सोयीचा आहे तो असा.

मोबाईलवरच्या इंग्रजी वर्डलमध्येही हाच सापळा येतो. तिथे पाच अक्षरं आणि सहा पाळ्या, गोलाऐवजी हिरवा रंग आणि रेघेऐवजी पिवळा. समजा शेवटची चार अक्षरं पक्की होऊन `FIGHT`, `LIGHT`, `MIGHT`, `NIGHT` एवढे उरले आणि दोन पाळ्या आहेत. थेट `FIGHT` टाकलं तर दोन ढीग, चारपैकी दोन. `FLUNK` टाकलं तर F हिरवा, L पिवळा, N पिवळा किंवा काहीच नाही, असे चार ढीग, चारपैकी चार. पाच अक्षरी शब्दात चाचपायला जास्त घरं मिळतात, म्हणून तिथे हा उपाय तुमच्या तीन अक्षरी खेळापेक्षा जास्त जोरकस आहे. पण वर्डलचा `Hard Mode` चालू असेल तर सापडलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात आणि `FLUNK` चालत नाही. तुमच्या घरीही कुणी असा कडक नियम काढला, की ‘गोल मिळालेलं अक्षर त्याच घरात ठेवायचं’, तर शहर, हशम, हवन सगळे बाद. ‘रण’ पक्कं झाल्यावर एका पाळीत एकच अक्षर तपासता येतं आणि सहापैकी दोनच हाती राहतात, हुशारी काहीही करा. कडक नियमात सुटका सापळा बंद व्हायच्या आधीच करून घ्यावी लागते. नुसता मधला र पक्का असताना ‘शरम’ टाकलं तर र जागेवर राहतो आणि श, म दोन्ही तपासून होतात. त्या बदल्यात शेवटच्या ण ची बातमी मात्र मिळत नाही, हा सौदा पत्करावा लागतो.

शेवटी तुमच्या चौथ्या शब्दाबद्दल बोलायलाच हवं, कारण पाचव्या पाळीच्या आधीच थोडं हातचं गेलं होतं. ‘करण’नंतर ण ला गोल आला तेव्हा भरण धरून सात शब्द होते आणि तीन पाळ्या होत्या. तुम्ही ‘भरण’ म्हटलं. त्यापुढे अगदी उत्तम खेळून, पाचव्याला हशम टाकून, भरणचा एक आणि पुढचे चार असे सातपैकी पाच शब्द हाती येतात. तिन्ही पाळ्या थेट उत्तरं ठोकत गेलात तर सातपैकी तीन. आणि हशम चौथ्याच पाळीला टाकला असता तर? हरण, शरण, मरण सुटे झाले, ते तिघे पाचव्याला म्हणून संपले. तिन्ही फुल्या आल्या असत्या तर चरण, धरण, भरण, वरण असे चार उरले असते आणि हातात दोन पाळ्या. तिथे पाचव्याला ‘वचन’: वरणसाठी व ला गोल, चरणसाठी च खाली रेघ, आणि धरण-भरण एका ढिगात. त्या चौघांतले तीन. आधीचे तीन धरून सातपैकी सहा. धरण आणि भरण यांतला एक तेवढा हुकण्याची शक्यता राहते. ध आणि भ या दोन्हींपैकी एक आणि व, च असा एखादा चालणारा शब्द तुमच्या भावाला सुचला तर तोही धोका जाईल. मला सुचलेला नाही.